उत्पन्न कमी-जास्त होत असेल तर गृहकर्जाचा हप्ता मोठा घ्यावा की मुदत?

प्रश्न: मी कोल्हापुरात लग्नाची फोटोग्राफी करतो. वय ३४. फ्लॅटसाठी ३० लाखांचं कर्ज मंजूर झालंय, व्याज ८.५ टक्के, फ्लोटिंग. बँक म्हणते १० वर्षं घ्या, हप्ता ३७,१९६; किंवा २० वर्षं घ्या, हप्ता २६,०३५. धंद्याचा खर्च आणि कर वजा जाता चांगल्या वर्षी साडेनऊ लाख सुटतात, वाईट वर्षी सात लाखांच्या आतच. घरखर्च महिना ३०,००० आहे. वडील म्हणतात, लवकर फेडून मोकळा हो, व्याजात १८ लाख वाचतील. पण पावसाळ्यात हातात काहीच नसतं, म्हणून भीती वाटते. काय करू?

उत्तर: २० वर्षांची मुदत घ्या. कर्ज मात्र २० वर्षं चालवू नका. कागदावरचा हप्ता तुमच्या वाईट वर्षाला झेपेल एवढाच असू द्या आणि चांगल्या वर्षी उरलेले पैसे मुद्दलात भरत चला. तुमच्या आकड्यांवर हे कर्ज साधारण १३ वर्षांत संपतं, आणि मधलं एखादं वर्ष कोरडं गेलं तरी बँकेचा फोन येत नाही. वडिलांची चिंता खरी आहे, त्यांचा आकडाही बरोबर आहे. फक्त ते १८ लाख वाचवायला १० वर्षांच्या करारावर सही करावी लागत नाही.

आधी या दोन पर्यायांमधला मूळ फरक सांगतो. व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या फ्लोटिंग दराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे २० वर्षांचं कर्ज १० वर्षांत संपवायचं तर कुणाची परवानगी लागत नाही. उलट्या दिशेने तसं नाही. १० वर्षांचं कर्ज घेतलं, धंदा बसला आणि तुम्ही मुदत वाढवून मागायला गेलात, तर निर्णय बँकेचा. तोही अशा वेळी, जेव्हा तुमची कागदपत्रं सगळ्यात कमजोर असतात. अडचण आली म्हणून मुदत वाढवून दिली तर ती कर्जाची पुनर्रचना धरली जाऊ शकते. मग तोवर नियमित असलेलं खातंही एनपीए म्हणजे थकीत कर्जांच्या वर्गात जाऊ शकतं आणि सिबिलवर तशी नोंद होते. लांब मुदत आखूड करणं तुमच्या हातात आहे, आखूड मुदत लांब करणं नाही. पगारदार माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. तुमच्यासारख्याला तो सगळ्यात आधी बघायला हवा.

आता हप्ता किती झेपतो ते ठरवू. बँक तुमची दोन-तीन वर्षांची रिटर्न्स बघून पात्रता काढते, पण तुमचं सगळ्यात वाईट वर्ष कसं जातं हे ती तपासत नाही. ते तुम्ही तपासा. मागच्या तीन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा. दर महिन्याला आलेल्या पैशांतून मदतनिसांची मजुरी, अल्बमची छपाई, प्रवास, उपकरणांचे हप्ते, जीएसटी, आयकर, सगळं वजा करा. मग सलग बारा महिन्यांचा सगळ्यात हलका तुकडा शोधा. तो जानेवारी ते डिसेंबर किंवा एप्रिल ते मार्च असाच असेल असं नाही. कुठलेही लागोपाठचे बारा महिने घ्या. सरासरी काढू नका. सरासरीत चांगलं वर्ष वाईटाला झाकतं आणि हप्ता तर वाईट वर्षातही भरायचा असतो.

तुमचा हा तुकडा ६ लाख ९० हजारांचा धरतो. घरखर्च वर्षाला ३ लाख ६० हजार. उरले ३ लाख ३० हजार. २० वर्षांच्या हप्त्याचे वर्षाला ३ लाख १२ हजार होतात, म्हणजे जेमतेम बसतात. १५ वर्षांची मुदत घेतली तर हप्ता २९,५४२, वर्षाचे साडेतीन लाखांवर, बसत नाहीत. १० वर्षांच्या हप्त्याला वर्षाला ४ लाख ४६ हजार लागतात, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास खड्डा. तो खड्डा क्रेडिट कार्डाने किंवा ओळखीच्या सावकाराकडून भरला जातो आणि साडेआठ टक्क्यांचं व्याज वाचवायला घेतलेलं आखूड कर्ज तीस-चाळीस टक्क्यांच्या व्याजात पाय अडकवतं. कर्ज विभागातल्या नोकरीत मी जी खाती बिघडताना पाहिली, त्यांतली बरीचशी याच वाटेने गेली. माणूस बुडवणारा नसायचा. चांगल्या वर्षाच्या उत्साहात त्याने हप्ता ठरवलेला असायचा.

चांगल्या वर्षी १० वर्षांचा हप्ता भरूनही तुमच्याकडे दीड लाखाच्या जवळ उरतात, म्हणूनच तो पर्याय मोहात पाडतो.

आता १८ लाखांकडे येऊ. १० वर्षांच्या कर्जावर एकूण व्याज साधारण १४ लाख ६४ हजार, २० वर्षांच्या कर्जावर ३२ लाख ४८ हजार. फरक १७ लाख ८४ हजार. पण व्याज करारातल्या मुदतीवर लागत नाही. ते त्या त्या दिवशी बाकी असलेल्या मुद्दलावर लागतं. २० वर्षांचं कर्ज घेऊन तुम्ही दरमहा ३७,१९६ भरले, तर ते बरोबर १० वर्षांत संपेल आणि व्याजही तेवढंच, १४ लाख ६४ हजार. एक रुपयाही जास्त नाही. लांब मुदत महाग पडते ती जादा पैसे भरले नाहीत तर.

तुम्ही दरमहा जादा भरू शकणार नाही हे उघड आहे. म्हणून वर्षातून एकदा एकरकमी भरणा धरू. २० वर्षांचा हप्ता चालू ठेवून दरवर्षी अखेरीस एक लाख मुद्दलात भरले, तर कर्ज ११ वर्षं ९ महिन्यांत संपतं आणि एकूण व्याज साडेसतरा लाखांच्या थोडं वर जातं. आता हेच जरा कठोरपणे मोजू. दर तिसरं वर्ष वाईट गेलं आणि त्या वर्षी काहीच जादा भरता आलं नाही असं समजा. तरीही कर्ज १३ वर्षं २ महिन्यांत संपतं. व्याज २० लाख. म्हणजे वडील म्हणतात त्या १८ लाखांपैकी साडेबारा लाख वाचले, आणि एकदाही हप्ता चुकण्याची वेळ आली नाही. राहिलेले साधारण साडेपाच लाख ही मोकळीक ठेवण्याची किंमत. तीही १३ वर्षांत पसरलेली, आणि सगळी वर्षं चांगली गेली तर तीही बरीच कमी होते.

यात एक अट आहे आणि ती सोपी नाही. जादा पैसे खरंच भरले गेले पाहिजेत. नवा कॅमेरा, ड्रोन, घरातलं कार्य, यांना तोच एक लाख दिसतो. म्हणून तो कधी आणि कशातून भरायचा हे आधीच ठरवून ठेवा. तुमच्या धंद्याला त्याचं वेळापत्रक पंचांगच देतं.

मराठी लग्नांचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर उघडतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मिटतो. मधले चार-साडेचार महिने साखरपुडे, बारशी, एखादा प्री-वेडिंग शूट, एवढंच. त्यात अल्बम दिल्यावर मिळायची बाकी रक्कम रेंगाळते, म्हणून पाच महिने धरा. २६,०३५ हप्ता आणि ३०,००० घरखर्च मिळून महिन्याला ५६ हजार, पाच महिन्यांचे २ लाख ८० हजार. आषाढी एकादशीच्या दिवशी एवढी रक्कम वेगळ्या खात्यात असलीच पाहिजे. ज्या खात्यात गिऱ्हाइकाचे पैसे येतात त्यात ती ठेवू नका. दुसरं बचत खातं उघडा, हप्ता तिथूनच कापला जाऊ द्या, आणि हंगामात आलेल्या प्रत्येक रकमेतला ठरलेला वाटा आधी तिथे वळवा. १० वर्षांच्या हप्त्यासाठी हीच गंगाजळी ३ लाख ३६ हजारांची लागली असती. म्हणजे मोठा हप्ता दर महिन्याला जास्त नेतोच, शिवाय बाजूला ठेवायची रक्कमही वाढवतो.

अधिक महिन्याकडे विशेष लक्ष ठेवा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. तो चातुर्मासातच पडल्याने लग्नाच्या तारखा फारशा गेल्या नाहीत, फक्त हलका काळ महिनाभर लांबला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन हंगामातला महिना. अधिकात लग्नं लागत नाहीत. असं वर्ष आलं की त्या वर्षी जादा भरणा धरूच नका, आणि आधीच्या हंगामातच गंगाजळीत एका महिन्याची भर घाला. साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक येतो. म्हणूनच वर मी दर तिसरं वर्ष कोरडं धरून हिशेब केला.

एक लाखाचा भरणा आषाढात करायचा मोह होईल, कारण पैसे तेव्हा हातात असतात. मी सांगेन, थांबा. तुळशीचं लग्न झालं, नव्या हंगामाचे ॲडव्हान्स जमा झाले, मग भरा. पाच महिने थांबल्याने एक लाखावर सुमारे साडेतीन हजारांचं व्याज जास्त जातं, आणि त्यातलं काही बचत खात्यावर परतही मिळतं. त्या बदल्यात आजारपण निघालं किंवा कॅमेऱ्याची लेन्स गेली तर पैसे तुमच्याकडेच असतात. साध्या गृहकर्जात भरलेलं मुद्दल परत काढता येत नाही, त्यासाठी नव्याने टॉप-अप कर्ज मागावं लागतं. म्हणून आधी गंगाजळी, मग भरणा. हा क्रम कुठल्याही वर्षी उलटा करू नका.

भरणा करताना बँकेला लेखी किंवा ॲपमध्ये स्पष्ट सांगा की हा मुद्दलातला अंशतः भरणा आहे, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. नुसते पैसे कर्जखात्यात टाकले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात आणि व्याज काही कमी होत नाही. तपासायची खूण सोपी आहे. भरणा केला त्याच तारखेला स्टेटमेंटमधली मुद्दलाची बाकी पूर्ण एक लाखाने उतरली पाहिजे. मग परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख किती मागे आली ते बघा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख भरले तर ती साधारण दीड वर्षाने मागे सरकलेली दिसायला हवी. तारीख तीच असेल तर रक्कम चुकीच्या जागी बसली आहे, लगेच शाखेत जा.

हप्ता चुकला तर काय होतं तेही सांगून ठेवतो, कारण ‘एखादा हप्ता मागेपुढे चालतो’ असं सर्रास ऐकायला मिळतं. खात्यात पैसे नसल्याने कपात परत गेली की तुमची बँक एक आकार लावते आणि कर्ज देणारी दुसरा, वर उशिराचा दंड. सिबिलच्या अहवालात मागच्या ३६ महिन्यांची महिनावार नोंद दिसते, त्यात हे दिवस मोजलेले असतात. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए होतं आणि त्यानंतर, गहाण घर ताब्यात घ्यायचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघू शकते. तुमच्या हलक्या काळाची लांबी बघा, जवळपास साडेचार महिने. गंगाजळी नसेल तर एकाच पावसाळ्यात ही सगळी वाट चालून होते.

मग ३० वर्षंच का नको, हप्ता तर आणखी कमी, २३,०६७? नको, आणि कारण नीट समजून घ्या. ३० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याजच २१,२५० होतं. ३० वर्षांच्या हप्त्यात मुद्दलाला जेमतेम अठराशे रुपये जातात. सुरुवातीलाच दर एका टक्क्याने वाढला तर महिन्याचं व्याज २३,७५० होईल, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. कर्ज फिटायच्या ऐवजी वाढायला लागेल. रिझर्व्ह बँक तसं होऊ देत नाही, त्यामुळे हप्ता वाढवावाच लागेल आणि ज्या कारणासाठी लांब मुदत घेतली तेच कारण संपेल. दर असे वाढतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता.

२० वर्षांनाही हा धोका आहे, फक्त कमी. हाच एक टक्का वाढला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची मुदत पावणेसव्वीस वर्षांच्या जवळ जाते. १० वर्षांच्या कर्जात ती केवळ नऊ महिन्यांनी वाढते. लांब मुदतीची खरी कमजोर बाजू ही आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी बँकेने तुम्हाला द्यावी असा ऑगस्ट २०२३ पासूनचा नियम आहे. ते पत्र किंवा मेसेज आला की उत्तर द्या. काही न कळवल्यास बहुतेक वेळा मुदतच लांबवली जाते आणि दोन वर्षांनी स्टेटमेंट बघताना धक्का बसतो. तुमच्या बाबतीत हप्ता तोच ठेवून मुदत वाढू देणं हे तात्पुरतं ठीक आहे, पण त्याच वर्षी एक लाखाचा भरणा चुकवू नका. पहिली चार-पाच वर्षं नियमित भरणा झाला की मुद्दल इतकं उतरतं की दरवाढीचा मार बराच हलका होतो.

काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. त्यात तुम्ही जादा टाकलेले पैसे व्याज कमी करतात आणि गरज पडली तर परत काढताही येतात. हंगामी उत्पन्नाच्या माणसाला ही सोय छान आहे, पण दर बहुधा थोडा जास्त असतो. तुमच्या ३० लाखांवर पाव टक्का जास्त म्हणजे पहिल्या वर्षी सुमारे साडेसात हजार. तुमची गंगाजळी वर्षभर पूर्ण २ लाख ८० हजारांची नसते, पावसाळ्यात ती उतरते. सरासरी निम्मी धरली तर वाचणारं व्याज, त्यातून बचत खात्यावर मिळालं असतं ते वजा करता, आठेक हजारांच्या घरात येतं. म्हणजे पाव टक्क्याचा फरक असेल तर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. दर तोच मिळत असेल तर जरूर घ्या. फरक अर्धा टक्का असेल तर साधं कर्ज आणि वेगळं बचत खातं हेच बरं. शिवाय ज्याला समोर दिसणारे पैसे काढायची सवय आहे त्याने ओव्हरड्राफ्टच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं तुमच्या फ्लोटिंग गृहकर्जाबद्दल झालं. स्थिर दराचं वैयक्तिक कर्ज किंवा वाहनकर्ज घेताना हा सल्ला तसाच उचलू नका. तिथे मुदतीआधी भरण्यावर आकार असू शकतो आणि व्याजही चढं असतं, त्यामुळे लांब मुदतीची मोकळीक फुकट मिळत नाही. तिथे मंजुरीपत्रातलं मुदतपूर्व परतफेडीचं कलम आधी वाचायचं आणि जमल्यास कर्जाची रक्कमच कमी करायची.

तीन वर्षांनी हीच चाचणी पुन्हा करा. पहिली दोन वर्षं भरणा होऊन तिसरं कोरडं गेलं तरी तेव्हा मुद्दल २५ लाख ७७ हजारांच्या आसपास असेल. सगळ्यात हलक्या बारा महिन्यांतून घरखर्च वजा जाता ३ लाख ५५ हजारांपेक्षा जास्त उरत असतील, तर बँकेला हप्ता २९,५४२ करायला सांगता येईल. त्या हप्त्याने, दर तोच राहिला तर, पुढे एकही जादा भरणा न करता कर्ज ११ वर्षं ५ महिन्यांत संपतं. तेवढे उरत नसतील तर हप्ता आहे तोच राहू द्या आणि कार्तिकातला भरणा चालू ठेवा.